भाचीला संक्रांतीचं कोडं

पहिली-दुसरीतल्या भाचीला संक्रांतीचं पत्र पाठवायचं, तर दुकानातल्या भेटकार्डावरचा मजकूर कामाचा नाही. ‘सुख, समृद्धी, ऐश्वर्य’ हे शब्द मोठी माणसं एकमेकांना पाठवतात. सहा-सात वर्षांची मुलगी त्यातल्या दुसऱ्या शब्दाशीच अडते आणि पत्र आईच्या हातात देते. मग वाचते आई, ऐकते ती. पत्र तिचं राहत नाही.

शाळेत वाचायला शिकताना साधी अक्षरं आधी येतात, मग काना, वेलांटी, मात्रा, आणि जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. म्हणून पत्र लिहून झालं की त्यातली जोडाक्षरं पेन्सिलीनं खुणावून पाहावीत. ‘लाडक्या’ऐवजी ‘लाडकी’ चालतं, ‘उत्तर’ऐवजी ‘नाव’ चालतं. ‘तीळगूळ घ्या, गोड बोला’ हे तर आपण सगळ्यांना मिळून म्हणतो. एकट्या भाचीला ‘घे’ आणि ‘बोल’ म्हटलं की ते तिच्याशीच बोलल्यासारखं होतं, आणि ‘घ्या’तलं जोडाक्षरही जातं. ‘संक्रांत’ मात्र ठेवावा. सणाचं नाव आहे, कानावर पडलेलं आहे. एवढं एक अवघड अक्षर ती हौसेनं वाचेल.

कोडं कशाचं घालायचं? माझं मत हलव्याच्या बाजूनं आहे, कारण त्याच्या अंगावरचे काटे मुलांना खरोखर नवलाचे वाटतात. हलवा करताना मंद आचेवरच्या परातीत तीळ घेतात, त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबानं सोडतात आणि बोटांनी सतत हलवत राहतात. एक थर वाळला की दुसरा. असे थर चढत गेले की काटे फुलतात. हवा दमट असली की ते नीट फुलत नाहीत. जानेवारीची कोरडी थंडी त्याला मानवते. म्हणजे प्रत्येक दाण्याच्या आत एक तीळ दडलेला असतो, आणि कोड्याचा गाभा तिथेच सापडतो.

चाल आठ अक्षरांची धरावी. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. ‘अंगावर काटे माझ्या’ ही ओळ आठात बसते, पण ‘माझ्या’पाशी वाचणारी थबकेल. ‘पोटामध्ये लपलेली’चंही तेच. दोन्ही बदलून ओळी अशा झाल्या:

अंगावर काटे किती,
तरी टोचणार नाही.
आत आत लपलेली
एकटीच तीळबाई.

आता हे कोडं तपासायचं. पहिल्या दोन ओळी कारल्यालाही लागू पडतात, आणि ते चांगलंच आहे. मूल आधी थोडं चुकलं तरच उत्तर सापडल्याचा आनंद होतो. पण शेवटच्या ओळीनं दुसरी सगळी उत्तरं बाद झाली पाहिजेत. कारल्यात बिया पुष्कळ असतात, तीळ एकही नाही. जिथे दोन उत्तरं शेवटपर्यंत टिकतात, तिथे मूल बरोबर सांगूनही चूक ठरतं, आणि ते त्याला फार लागतं.

आणखी एक खबरदारी. बाजारात साबुदाण्यावर, लवंगेवर, बडीशेपेवर केलेला हलवाही मिळतो. पत्रासोबत पाठवायचा हलवा आधी एक दाणा चावून पाहावा. आत साबुदाणा निघाला, तर आपलं कोडं खोटं पडतं, आणि भाची ते नक्की सांगेल.

पूर्ण पत्र एवढंच:

‘लाडकी चिऊ,
आज संक्रांत. नवा काळा परकर घातलास का? तीळगूळ घे, गोड बोल. खाली एक कोडे आहे. ते सोडव. नाव पुडीत लपले आहे. आधी उघडू नकोस!
तुझी मावशी’

याखाली कोडं मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून लिहावं. उत्तर लिहायचंच नाही. हलव्याचे चार दाणे कागदाच्या पुडीत घालून ती चिकटवावी. टपालानं पाठवायचं असेल तर पुडीभोवती जाड पुठ्ठा हवा, नाहीतर काटे मोडून उत्तर ओळखू येणार नाही. ओल लागली की साखर चिकट होते, म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी.

फोनवर ती ‘कारलं!’ म्हणाली तर लगेच ‘चूक’ म्हणू नये. ‘कारलं चिरल्यावर आत काय दिसतं गं?’ एवढंच विचारावं आणि शेवटची ओळ तिच्याकडूनच पुन्हा वाचून घ्यावी. मग पुढचं कोडं तिला करायला सांगावं. त्यासाठी बोर सोपं: रंग कोणता, चव कशी, आत काय. या तीन गोष्टी तिनं सांगितल्या की तीन ओळी तयार होतात. चौथीत ‘मी कोण?’ विचारायचं. अक्षरं आठ भरली नाहीत तरी पहिल्या खेपेला मोजू नयेत.