आत्या बाहेर पडली, हळद गेली

लग्नाचा सामायिक अल्बम. पुण्याची आत्या, नागपूरचे काका, दुबईतली भाची, सगळे त्यात. सततच्या नोटिफिकेशनला वैतागून आत्या अल्बममधून बाहेर पडते आणि तिने टाकलेले हळदीचे फोटोही नाहीसे होतात! गुगल फोटोजचा नियमच तसा आहे. तिने फक्त नोटिफिकेशन बंद केली असती, तरी भागले असते.

म्हणून मोलाचे फोटो अल्बमच्या मालकाने आपल्या खात्यात सेव्ह करावेत. त्याची जागा मात्र खर्च होते.

लिंक फिरत फिरत कुठेही पोचते, तेव्हा माणसे नावानिशी जोडलेली बरी. व्हॉट्सॲपवरून आलेली दबलेली प्रत पुन्हा चढवू नये. ज्याने फोटो काढला, त्यानेच मूळ फोटो टाकावा. एकाच क्षणाचे बारा असतील, तर दोनच. मालकाला कुणाचाही फोटो अल्बममधून काढता येतो, पण काकांचा काढण्याआधी एक फोन करावा.