घड्याळ म्हणतं 1600, फोन म्हणतो 1580, कळसूबाई मात्र 1646!

महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर 1646 मीटर उंच आहे. तरी माथ्यावरच्या देवळापाशी उभं राहून चार जणांनी आपापले फोन आणि घड्याळं पाहिली, तर चार वेगळे आकडे निघू शकतात. यंत्रं बिघडलेली नसतात. कुणी उपग्रहांना विचारून उंची सांगत असतं, तर कुणी हवेचा दाब मोजून. दोघांच्या चुकण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत आणि त्या ओळखता येतात.

सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही

पूर्व-पश्चिम ठरवताना दोन्ही बाजूंचे उपग्रह मदतीला येतात. एकाची चूक दुसरा सावरतो. उंचीच्या बाबतीत ती सोय नाही, कारण खालच्या बाजूला पृथ्वीच आडवी येते. म्हणून जीपीएसची उंचीतली चूक जागेतल्या चुकीच्या साधारण दीडपट ते तिप्पट असते. मोकळ्या पठारावर ती दहा-पंधरा मीटर असेल, पण नाळेत शिरलात आणि दोन्ही बाजूंनी कातळ उभा राहिला की अर्धं आभाळ झाकलं जातं. उरलेले संदेश कड्यावर आपटून उशिरा येतात आणि आकडा उड्या मारू लागतो. तुम्ही खडकावर टेकून चिक्की खात असता आणि फोन मात्र दहा मीटर वर, आठ मीटर खाली अशी नोंद करत राहतो. नुसत्या जीपीएसवर मोजलेली ‘एकूण चढाई’ फुगते ती इथेच.

जुहूच्या वाळूत उभे, उंची उणे साठ!

जीपीएस उंची मोजतो ती समुद्रापासून नव्हे, तर पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत, किंचित चपट्या गोळ्यापासून. खरी समुद्रसपाटी त्या गोळ्यावर नीट बसत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती गोळ्याच्या शंभरेक मीटर खाली जाते, तर मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात साठ-पासष्ट मीटर खाली. त्यामुळे ज्या अॅपमध्ये हा फरक दुरुस्त केलेला नसतो, ते जुहूच्या किनाऱ्यावर उणे साठच्या आसपास आकडा दाखवतं आणि कळसूबाईवर 1580 च्या. आयफोन समुद्रसपाटीपासूनची उंची देतो. अँड्रॉइडची मूळ जीपीएस उंची मात्र गोळ्यापासूनची असते. समुद्रसपाटीची वेगळी सोय त्यात आवृत्ती 14 पासून आली, आणि ती वापरायची की नाही हे अॅप बनवणारा ठरवतो.

घरच्या जिन्यात कळणारं यंत्र

दाबमापक म्हणजे फोनच्या आतली इवलीशी चिप. समुद्राजवळ साधारण आठ मीटर चढलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. कळसूबाईच्या उंचीवर त्यासाठी जवळपास दहा मीटर चढावं लागतं. फोनमध्ये हा सेन्सर आहे का, हे पाहायला डोंगर लागत नाही. सेन्सरचे आकडे दाखवणारं अॅप उघडा आणि एक मजला चढा. दाब साधारण 0.35 ने उतरला, तर यंत्र आहे आणि ठीक चाललंय. कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतंच. तिथे दिसणारी उंची नुसती उपग्रहांची असते.

मीटर-दीड मीटरचा बदलही टिपणारं हे यंत्र चढाईत हरणं कठीण. शिडी चढलात की आकडा शिडीएवढाच वाढतो. पण त्याच्या भोकात घाम किंवा चिखल गेला, नाहीतर कड्यावरचा वारा थेट त्यावर आदळला, की ते बिथरतं. शिखरावर आकडा नाचायला लागला तर मनगट वाऱ्याच्या आडोशाला घ्या. घामट घड्याळ साध्या पाण्याने धुवा, भोकात पिन घालू नका.

झोपेतली चढाई

आता सर्वांत गमतीची गोष्ट. रात्री दहाला माथ्यावर तंबूत झोपलात आणि पहाटे चारला घड्याळ पाहिलंत, तर झोपेतच वीस-पंचवीस मीटर चढलेले दिसाल. आपल्याकडे हवेलाही भरती-ओहोटी असते. दाब सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक साधारण दोन-तीन हेक्टोपास्कलचा, आणि तो जवळपास रोजचा. आभाळ निरभ्र असलं तरी चुकत नाही. दाब पडला की यंत्राला वाटतं, आपण वर गेलो. ऋतूचा फरक त्याहून मोठा आहे. मुंबईत जुलैतला सरासरी दाब जानेवारीपेक्षा सुमारे दहाने कमी असतो. थंडीत लावून ठेवलेली उंची पावसाळ्यात तशीच वापरली, तर ऐंशी मीटरचा घोळ ठरलेला.

बारी ते माथा: हिशेब मांडूया

सकाळी सहाला बारी गावात तुम्ही घड्याळाला नकाशावरची बरोबर उंची दिलीत आणि दहाला माथ्यावर पोचलात. चढ आठशे मीटरच्या थोडा वर. घड्याळातलं गणित समुद्रसपाटीला 15 अंश आणि वर जाताना दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होणारी हवा धरतं. सह्याद्रीतली हवा त्याहून दहा अंश गरम असणं अगदी नेहमीचं. गरम हवा विरळ, म्हणून तेवढ्याच चढाला दाब कमी उतरतो आणि घड्याळ साडेतीन टक्के कमी चढ मोजतं. आठशेत ते झाले 28 मीटर. त्यातच सहा ते दहा ही हवेच्या भरतीची वेळ. दाब दोनने वाढला, आणखी अठरा-वीस मीटर कमी. माथ्यावर घड्याळ दाखवतं 1600!

शेजाऱ्याचा फोन 1580 म्हणतोय, म्हणजे दोघांचं बऱ्यापैकी जुळलं. खरं तर दोघेही खाली आहेत आणि दोघांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. दोन यंत्रांचं एकमत हा पुरावा नव्हे, ही गोष्ट मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते.

मग चूक कुणाची, ओळखायचं कसं?

दोघांतला फरक कसा वागतो ते बघा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साठ-पासष्टवर अडून राहिला आणि उपग्रहाचा आकडा खाली असेल, तर ती गोळ्याची भानगड. चढाबरोबर वाढत गेला तर उष्णता. एकाच जागी बसून असताना तासातासाने सरकला तर हवा. सेकंदासेकंदाला उडतोय तर जीपीएसला आभाळ कमी पडतंय. आणि मुक्कामी उंची तीन तासांत चाळीस-पन्नास मीटर चढली, तर ती रोजची ओहोटी नाही. तुफान येऊ शकतं, खाली उतरायची तयारी करा.

‘शेवटच्या खुणेपासून किती चढलो, किती वेगाने चढतोय’ यासाठी माझा विश्वास दाबमापकावर. तासन्‌तास त्याला हात लावलेला नसेल, हवा बदलली असेल किंवा वाट चुकून ‘मी नक्की कुठल्या उंचीवर आहे’ असा प्रश्न पडला असेल, तर मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं शांत उभं राहून उपग्रहांना विचारावं. दोघांच्याही वर मान नकाशावरच्या उंचीचा. खिंड, देऊळ, गाव, जिथे लिहिलेली उंची सापडेल तिथे घड्याळ पुन्हा लावून घ्यावं.

पुढच्या खेपेला एवढं कराच: निघताना बारीत, माथ्यावर आणि परत बारीत, तिन्ही ठिकाणी दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा. परतल्यावर घड्याळ बारीची उंची सकाळपेक्षा जितकी वेगळी दाखवेल, तितकी त्या दिवशी हवा बदलली.