दामदुप्पट आणि लॉगचं पुस्तक

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बाबा आणि काका यांची किसान विकास पत्रावरून जुंपली होती. 1 एप्रिल 2023 पासून या पत्राचा दर वर्षाला 7.5 टक्के आणि मुदत 115 महिने. तेवढ्यात पैसे दुप्पट. बाबांनी वहीच्या पुठ्ठ्यावर 100 ला साडेसातने भागलं. "13 वर्षं 4 महिने लागतात. 115 महिने म्हणजे साडेनऊ वर्षं. काहीतरी गोम आहे." काकांचा हिशेब उलटा. साडेनऊ वर्षांत शंभराचे दोनशे, म्हणजे खरा दर साडेदहाच्या घरात. पोस्ट तो उगाच कमी सांगतं!

भांडण दोघांचं, पण चूक एकच. दोघेही सरळव्याज धरून बसले होते. किसान विकास पत्रात वर्षाचं व्याज मुद्दलात मिळतं आणि पुढच्या वर्षी त्यावरही व्याज चढतं. हजाराचे वर्षाअखेर 1,075, मग व्याज 1,075 वर. थोडक्यात, रक्कम दरवर्षी 1.075 ने गुणली जाते. मग प्रश्न असा: किती वेळा गुणलं की 2 होतात?

मुलीने बारावीच्या रसायनशास्त्रासाठी आणलेलं लॉग टेबलचं पुस्तक काढलं. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. त्यामुळे दोनच्या लॉगमध्ये 1.075 चा लॉग किती वेळा बसतो, एवढंच पाहायचं. दोनचा लॉग 0.3010, 1.075 चा 0.0314. भागाकार 9.586 वर्षं, बाराने गुणलं की 115 महिने.

"बाबा, मुदत बरोबर आहे. आणि काका, दर साडेसातच आहे."

काका सहज हार मानणारे नव्हेत. "आपण दहा हजार ठेवले तर? लाखवाल्याचे लवकर होत असतील." तसं नाही. या हिशेबात मुद्दल कुठेच येत नाही, त्यामुळे हजार ठेवा की लाख, वेळ तेवढाच. मग दुप्पट साडेनऊ वर्षांत तर तिप्पट एकोणीस वर्षांत? हाही गैरसमज. तीनचा लॉग 0.4771; त्याला 0.0314 ने भागलं की सव्वापंधरा वर्षांच्याही थोडं आत तिप्पट. एकोणीस वर्षांत तर जवळपास चौपट होतात. अर्थात ही पुढची वर्षं त्याच दराने मिळतील असं धरून. पत्राचा दर फक्त त्याच्या मुदतीपुरता ठरलेला असतो. व्याजावर आयकर लागतो तो वेगळाच.

हाच हिशेब उलटा चालवला की आणखी कामाला येतो. कुणी "तीन वर्षांत दामदुप्पट" म्हणालं, तर 0.3010 ला 3 ने भागा: 0.1003. त्याचा अँटिलॉग 1.26. म्हणजे तो माणूस तुम्हाला दरसाल 26 टक्के चक्रवाढ व्याज कबूल करतोय. एवढं व्याज तो कुठून आणणार, हे पैसे देण्याआधी त्यालाच विचारा.