प्रदर्शनासाठी एकच फोटो निवडताना

छायाचित्रकाराचे पहिले प्रदर्शन बहुधा चारचौघांबरोबरचे असते आणि भिंतीवर जागा मिळते ती एकाच फोटोपुरती. मग स्वतःच्याच फोटोंमध्ये डावे-उजवे करावे लागते. ते मोबाइलवर किंवा संगणकावर उरकता येत नाही, कारण भिंतीवर लागणार असतो तो कागद. समजा, उरणच्या मिठागरांवर फिरून एका तरुणीने तीन फोटो बाजूला काढले आहेत आणि छापायचा आकार ठरला आहे २० बाय ३० इंच.

पहिला फोटो भर दुपारचा. मिठाची पांढरीशुभ्र रास आणि तिच्या पायथ्याशी पाटी घेतलेला मजूर. पडद्यावर ही रास झगझगते, कारण पडद्याला स्वतःचा उजेड असतो. पण जिथे उन्हाने तपशील पुरता धुऊन गेला आहे, तिथे प्रिंटर शाईच टाकत नाही. उरतो कोरा कागद. राशीवरचे मिठाचे खडे नमुन्याच्या प्रिंटमध्ये दिसेनात, तेव्हा हा फोटो बाद झाला.

दुसरा तिचा लाडका. मावळतीला बांधावरून चाललेल्या बाईची काळी आकृती. त्यासाठी ती चिखलात तासभर उभी होती. पाहणाऱ्याला मात्र तो तासभर दिसत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. बाई लांब होती म्हणून फोटो चारी बाजूंनी कापला आहे. कॅमेऱ्याच्या ६००० बाय ४००० बिंदूंपैकी उरले २४०० बाय १६००. तीस इंचांवर पसरल्यावर इंचाला ८० बिंदू येतात, न कापलेल्या फोटोत ते २०० असतात. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर हे कळत नाही. म्हणून तिने मोठ्या आकारातला फक्त चेहरा आणि खांद्याचा तुकडा ए-४ कागदावर छापून पाहिला. कडा विरघळल्यासारख्या दिसल्या. लांबून हे खपून गेले असते, पण दालनात लोक फोटोला नाक लावून पाहतातच.

तिसऱ्यात एक माणूस लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतो आहे आणि फळी हललेली आहे. आधी तिने तो याच कारणाने मागे ठेवला होता. कॅमेरा हलला की सगळेच एका दिशेला फरफटते. इथे बांधाचे दगड आणि माणसाची भेगाळलेली पावले लख्ख आहेत, पुसट आहे ती फळी आणि तिच्यापुढे सरकणारे मीठ. शटर एक तीसांश सेकंद उघडे होते, तेवढ्यात ओढण्याचा जोर फोटोत उतरला. आकाश ढगाळ असल्याने पांढऱ्यातला तपशीलही शाबूत आहे.

तिसराच निवडला. उजव्या कोपऱ्यात अर्धवट आलेली सायकल तेवढी खटकत होती. ती कापली तर फळीचे टोक जाते, म्हणून तिने सायकल राहू दिली आणि छापताना तो कोपरा किंचित गडद करून घेतला.