जिन्याचा हिशेब

एका परिचित घरी जिन्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर पाहुणा हमखास अडखळतो. यजमानांना वाटते, पाहुण्याचे लक्ष नव्हते. वास्तविक चूक पाहुण्याची नसून हिशेबाची आहे. एकदोन पायऱ्या चढताच पाय त्यांची उंची मनात धरून ठेवतो. पुढे डोळ्यांना तो विचारीत नाही. म्हणून जिन्याची पहिली अट ही की, सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात.

हा हिशेब कसा मांडावा ते एका उदाहरणाने पाहू. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची 300 सेंटिमीटर आहे. जिन्याच्या खोलीची लांबी 275 सेंटिमीटर. जिना मधल्या चौथऱ्यावरून उलट वळणार आहे. चौथऱ्याला 100 सेंटिमीटर दिले, की पायऱ्यांसाठी 175 उरतात.

समजा, चढ सोपा व्हावा म्हणून आपण 18 चढ धरले. प्रत्येकाची उंची पावणेसतराच्या आतच येते. प्रत्येक बाजूस 9 चढ. पण पाऊल ठेवण्याच्या जागा मात्र 8, कारण नवव्या चढाला चौथरा किंवा वरची जमीनच येते. चढांपेक्षा पायऱ्यांची रुंदी एकदा कमी मोजावयाची, हे पुष्कळ जण विसरतात. 175 ला 8 ने भागले, तर रुंदी जेमतेम 22 सेंटिमीटर येते. त्यावर टाच मावत नाही, आणि उतरताना पाय तिरपा करावा लागतो.

आता 16 चढ धरू. उंची 18.75 येते, प्रत्येक बाजूस 7 पायऱ्या, प्रत्येकी 25 सेंटिमीटर रुंद. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रान्स्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात सांगितलेला नियम असा की, उंचीची दुप्पट आणि रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी असावी. आज ती साधारण 60 ते 65 सेंटिमीटर धरतात. आपली बेरीज साडेबासष्ट येते. अठरा चढांची मात्र पंचावन्नच. म्हणजे येथे चढ कमी केल्यानेच जिना सुखकर झाला.

यापुढचा धोका गवंड्याच्या पट्टीत आहे. पावणेएकोणीस मोजणे अवघड, म्हणून तो 19 धरतो. पंधरा चढांत 285 संपतात आणि शेवटच्या चढाला 15 च उरतात. पाय चार सेंटिमीटर जास्त उचलला जातो, आणि पाहुणा अडखळतो! यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक खूण मागच्या खुणेवरून न मोजता तळापासूनच मोजावी. चार चढांना 75, आठांना 150, बारांना 225 सेंटिमीटर व्हावेतच.

मोजमापही दोन्हीकडे फरशी बसल्यानंतरच्या पातळीचे घ्यावे. खाली पाच सेंटिमीटर जाडीची फरशी मागाहून आली आणि ती हिशेबात धरलेली नसली, तर पहिलाच चढ तेवढ्याने खुजा होतो.