फुकट मॉडेलनं बनवलेलं चित्र विकता येतं का?

रमजान जवळ आला की घराघरांत एक नवं काम सुरू होतं. कॉलेजात शिकणारी मुलगी किंवा मुलगा संगणकावर ईदची कार्डं बनवतो, निकाहच्या पत्रिका सजवतो, ओळखीच्या दुकानदाराला अत्तराच्या बाटलीची जाहिरात करून देतो. मागचा देखावा, म्हणजे जाळी, कमान, कंदील, चांदरात, संगणकावर उतरवून घेतलेलं एआय मॉडेल काढतं. बाटलीचा फोटो खरा असतो. दोन्ही जोडून एक चित्र होतं आणि त्याचे पैसे मिळतात. मग घरात कुणीतरी विचारतं, "हे मॉडेल फुकट मिळालंय ना? मग विकायला काय हरकत?"

हरकत असूही शकते. 'ओपन' मॉडेल म्हणजे त्याची फाईल कुणालाही उतरवून घेता येते, एवढंच. ती कशासाठी वापरायची हे तिच्यासोबत येणारा परवाना ठरवतो. आणि जोडचित्रात एकच परवाना नसतो. देखावा काढणारं मॉडेल, फोटोची मागची बाजू कापणारं मॉडेल, वरून लावलेली शैलीची फाईल, मूळ फोटो आणि अक्षरांचा फॉन्ट, या प्रत्येकाचा परवाना वेगळा. त्यातल्या एकानं जरी धंद्याला मनाई केली, तरी अख्खं काम अडचणीत येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावातल्या एका मुलीला अत्तराच्या दुकानदारानं ईदच्या जाहिरातीची ऑर्डर दिली. तिच्या संगणकावर `FLUX.1-dev` आहे. ब्लॅक फॉरेस्ट लॅब्ज या कंपनीनं ऑगस्ट 2024 मध्ये हे मॉडेल आणलं. त्याच वेळी त्याचं भावंड `FLUX.1-schnell` ही आलं. दोघांची चित्रं वरवर सारखीच वाटतात, पण परवान्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. `schnell` ला अपाचे 2.0 हा परवाना आहे, त्यात धंद्याला पूर्ण मोकळीक आहे. `dev` चा परवाना मात्र बिगर-व्यावसायिक आहे.

इथंच बरेच जण फसतात. `dev` च्या परवान्यात एक वाक्य असंही आहे की, तयार झालेल्या चित्रांवर कंपनी मालकी सांगत नाही आणि ती चित्रं व्यावसायिक कामालाही वापरता येतात. हे वाचून मुलं म्हणतात, "झालं की! विकायला परवानगी आहे." पण त्याच कागदात आधी लिहिलंय की मॉडेल चालवायचं ते फक्त बिगर-व्यावसायिक हेतूनं. म्हणजे अभ्यास, प्रयोग, हौस. धंद्याशी किंवा नोकरीच्या कामाशी त्याचा संबंध नको. म्हणजे हौसेखातर काढलेलं चित्र पुढे कधीतरी विकलं, ती गोष्ट वेगळी. पण दुकानदाराची ऑर्डर घेऊन, त्याच कामासाठी मॉडेल चालवलं, तर ते चालवणंच धंदा झालं. तिथं परवाना मोडतो. यावर कंपनीकडून पैसे देऊन व्यावसायिक परवाना घेता येतो. नाहीतर सरळ `schnell` वापरावं.

मुलीनं `schnell` घेतलं. पण आधीची एक छोटी शैलीची फाईल, जिला लोरा म्हणतात, तिनं तशीच ठेवली. त्या फाईलनं कंदिलांना छान सोनेरी उजेड येतो. ही लोरा `dev` वर शिकवून तयार केलेली होती. अशी फाईल मूळ मॉडेलचीच उपज मानली जाते आणि तिच्यासोबत मूळ मॉडेलच्या अटी येतात. मॉडेल बदललं तरी जुनी मनाई लोराच्या वाटेनं परत घरात आली. म्हणून लोराच्या पानावर दोन गोष्टी बघाव्यात. ती कोणत्या मॉडेलवर शिकवलीय, आणि बनवणाऱ्यानं चित्रं विकायला परवानगी दिलीय का.

तिसरी गाठ बाटलीच्या फोटोची. मागची बाजू कापायला तिनं `RMBG-2.0` वापरलं होतं. हे मॉडेल काम फार साफ करतं, पण ते फुकट आहे ते बिगर-व्यावसायिक वापरापुरतंच. धंद्यासाठी ते बनवणाऱ्या ब्रिया कंपनीशी वेगळा करार करावा लागतो. याला पर्याय आहे `u2net`, ज्याला अपाचे 2.0 परवाना आहे. तो `rembg` या मोफत साधनातून चालतो. मात्र त्याच साधनात ब्रियाचं मॉडेलही निवडता येतं, म्हणून नाव स्पष्ट लिहावं:

```
rembg i -m u2net attar.jpg attar.png
```

राहिला मूळ फोटो. तो दुकानदारानं पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्याचा पहिला मालक दुकानदार. पण फोटो अत्तराच्या कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेला असेल, तर मॉडेलचा परवाना कितीही मोकळा असला तरी तो फोटो आपला होत नाही. दुकानदाराला विचारून उत्तर लेखी घ्यावं.

'ईद मुबारक' उर्दूत लिहायचं असेल तर मॉडेलवर सोपवू नये. अक्षरं तुटतात, नुक्ते हरवतात. आधी चित्र तयार करून मग मजकूर फॉन्टनं टाकावा. अमिरी या फॉन्टला ओपन फॉन्ट परवाना आहे, त्यात छापील कार्डं विकता येतात.

मॉडेलच्या पानावर नावाजवळ परवान्याचं लेबल असतं. `apache-2.0` किंवा `mit` दिसलं तर धंद्याला अडचण नाही. `nc` किंवा `non-commercial` दिसलं तर थांबावं. `other` दिसलं तर अख्खा परवाना उघडून वाचावा. स्टेबल डिफ्यूजन एक्सएलचं लेबल `openrail++` आहे. त्यात विक्री चालते, पण कुणाला इजा होईल अशी खोटी माहिती पसरवणं, बदनामी करणं अशा वापरांना मनाई आहे.

ज्या दिवशी फाईल उतरवली त्या दिवशीचा परवाना तारखेसकट जपून ठेवावा, कारण अटी बदलतात. स्टेबल डिफ्यूजन 3 मीडियम जून 2024 मध्ये आलं तेव्हा धंद्यासाठी वेगळा परवाना लागायचा. पुढच्याच महिन्यात कंपनीनं अटी बदलल्या आणि वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना व्यावसायिक वापर मोफत केला.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. विकण्याची परवानगी असणं आणि चित्रावर आपला एकट्याचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं एका चित्रकथेच्या बाबतीत ठरवलं की, लेखिकेचा मजकूर आणि चित्रांची मांडणी तिची, पण एआयनं काढलेल्या एकेका चित्रावर कॉपीराइट नाही. आपल्या कायद्यात संगणकानं तयार केलेल्या कामाचा कर्ता म्हणजे ते काम घडवून आणणारी व्यक्ती, असं लिहिलंय. पण मॉडेलला दोन ओळी सांगितल्या म्हणजे एवढं पुरतं का, हा वाद मिटलेला नाही. म्हणून "हा देखावा दुसरं कुणी वापरूच शकणार नाही," असा शब्द दुकानदाराला देऊ नये. फोटो, मांडणी आणि अक्षरं मात्र मेहनतीची आहेत. बिलावर त्यांचाच मोबदला लिहावा.