एकच हाक की दोन?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. अशा आपत्तीत शेजारच्या माणगावसारख्या तालुक्याच्या गावी मदतीचा एकच संदेश अनेक गटांतून फिरून पुन्हापुन्हा येतो, आणि प्रत्येक प्रत नवी मागणी म्हणून नोंदवली, तर एकाच घराकडे दोन बोटी निघतात. म्हणून नोंद होण्यापूर्वीच प्रती ओळखून एकत्र कराव्या लागतात.

हुबेहूब प्रती ओळखण्यासाठी संगणक मजकुरापासून ठरावीक लांबीचा आकडा काढतो. त्याला हॅश म्हणतात. मजकूर तोच असेल तर हॅशही तोच येतो, पण एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. म्हणून आधी जादा मोकळ्या जागा आणि चिन्हे काढून मजकूर एकसारखा करतात. मराठीत येथे एक खोच आहे. ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह लावूनही, दिसायला दोन्ही सारखेच, हॅश मात्र वेगळे. ते चिन्ह नुसते पुसून टाकले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या संदेशात समुद्र शिरतो; म्हणून ते पुसण्याऐवजी दोन्ही रूपे एका रूपात आणावी लागतात.

थोडा बदल झालेल्या प्रतींसाठी मजकुराचे लागोपाठच्या तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडतात आणि दोन्ही संदेशांत समान असलेल्या तुकड्यांना एकूण वेगवेगळ्या तुकड्यांनी भागतात. समजा, ‘काळ नदीचे पाणी घरात शिरले चार माणसे छतावर अडकली’ या संदेशाचे सात तुकडे पडतात. कोणी आधी ‘कृपया’ आणि शेवटी ‘पुढे पाठवा’ जोडले, तर दहा पडतात, त्यांपैकी सात समान, म्हणजे साम्य ०.७.

मात्र साठ शब्दांच्या संदेशात मध्यावरचा फक्त ‘चार’ हा शब्द ‘सहा’ झाला, तर साम्य ०.९ राहते, आणि बदल नेमका महत्त्वाचा असतो: ती वेगळ्या घराची हाक असू शकते किंवा आणखी दोन माणसे अडकली असतील. म्हणून संख्या, गावाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक वेगळे काढून तपासतात, आणि त्यांत फरक आढळला तर विलीनीकरण थांबवून निर्णय माणसाकडे सोपवतात. व्हॉट्सअॅपवरील दुहेरी बाणाची खूण संदेश पाच किंवा अधिक वेळा पुढे गेल्याचे सांगते, पण दोन संदेश एकाच घटनेचे आहेत की नाहीत, हे सांगत नाही.

शेवटी, एकत्र करणे म्हणजे पुसणे नव्हे: मुख्य नोंदीखाली प्रत्येक प्रत, तिची वेळ आणि पाठवणारा जपून ठेवला, तरच जोडणी चुकल्याचे कळल्यावर दोन घरे पुन्हा वेगळी करता येतात.